फोटो टाकायचा असेल तर आधी आईबाबा

नोव्हेंबर २०१५ मध्ये एका अनोळखी हॅकरने 'मदरबोर्ड' या अमेरिकी तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाच्या पत्रकाराशी संपर्क साधला आणि आपल्या हाती काय लागलं आहे ते त्याला दाखवलं. त्या साठ्यात लहान मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे हजारो फोटो होते. मुलांनी पालकांशी केलेल्या गप्पा होत्या, काही ठिकाणी आवाजही होते. हे सगळं 'व्हीटेक' या हाँगकाँगच्या खेळणी कंपनीच्या सर्व्हरवरून निघालं होतं.

व्हीटेक लहान मुलांसाठी टॅब्लेट बनवते. त्या टॅब्लेटवर 'किड कनेक्ट' नावाचं चॅट अ‍ॅप चालायचं. कल्पना चांगली होती. घरी बसलेलं सहा-सात वर्षांचं मूल आपल्या टॅब्लेटवरून कामावर गेलेल्या आईच्या फोनवर निरोप पाठवू शकत होतं, चित्र काढून पाठवू शकत होतं, स्वतःचा फोटोही पाठवू शकत होतं. मूल कोणाशी बोलणार हे पालक ठरवत. खातं पालकांनीच उघडायचं होतं आणि त्यासाठी स्वतःचं नाव, ईमेल, पत्ता आणि मुलाचं नाव, जन्मतारीख अशी माहिती द्यायची होती. म्हणजे 'लहान मुलांसाठी पालकांची परवानगी लागते' हा नियम कागदावर पाळलेला होता.

कंपनीने नंतर दिलेल्या आकड्यांनुसार जगभरातल्या ४८ लाखांहून अधिक पालकांची खाती आणि ६३ लाखांहून अधिक मुलांची खाती या चोरीच्या आवाक्यात आली. मुलाच्या नोंदीत घरचा पत्ता नव्हता, फक्त पहिलं नाव, मुलगा की मुलगी आणि वाढदिवस होता. पण त्या नोंदीवर पालकांच्या खात्याचा क्रमांक होता. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने ही माहिती तपासली तेव्हा त्याला लगेच दिसलं की हा एक क्रमांक जुळवला की मुलाचं पूर्ण नाव आणि घराचा पत्ता दोन्ही मिळतात. त्यात फोटो जोडला की चेहरासुद्धा मिळतो.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी जानेवारी २०१८ मध्ये व्हीटेकवर कारवाई केली. कंपनीने साडेसहा लाख डॉलर दंड भरला आणि पुढची वीस वर्षं स्वतंत्र तपासणी करून घ्यायचं मान्य केलं. तपासात दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. माहिती सांकेतिक स्वरूपात सुरक्षित ठेवली जाते असं कंपनी सांगत होती, पण बरीचशी माहिती तशी ठेवलेली नव्हती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. खातं उघडणारी व्यक्ती खरोखर पालक आहे की मूलच आईचा ईमेल टाकून खातं उघडतंय, हे पडताळण्याची सोयच कंपनीकडे नव्हती. परवानगी विचारली जात होती, पण उत्तर कोण देतंय हे कोणी पाहत नव्हतं.

चॅटच्या साधनांवर खातं उघडताना वय विचारतात, ठरावीक वयाखालच्या मुलाने फोटो टाकायचं म्हटलं की पालकांना मध्ये आणतात. यामागची खरी कारणं या प्रकरणात नीट दिसतात, आणि ही व्यवस्था कुठे फसते तेही दिसतं.

*

सुरुवात १३ या आकड्यापासून करायला हवी, कारण त्याबद्दल मोठा गैरसमज आहे. अनेक पालकांना वाटतं की तेराव्या वर्षी मूल इंटरनेटसाठी तयार होतं असं कुणा तज्ज्ञाने ठरवलं असावं. तसं नाही. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकी संसदेने मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेचा कायदा केला. तो 'कोपा' या आद्याक्षरांनी ओळखला जातो आणि एप्रिल २००० पासून लागू आहे. १३ वर्षांखालच्या मुलाकडून व्यक्तिगत माहिती घ्यायची असेल तर आधी पालकांना कळवा, त्यांची पडताळता येईल अशी संमती घ्या, आणि पालकांनी मागितल्यास ती माहिती दाखवा व पुसून टाका, असं हा कायदा सांगतो. पुढे जगभर पसरलेल्या बहुतेक मोठ्या सेवा अमेरिकेत जन्मल्या, म्हणून हा आकडाही जगभर पसरला.

ज्या सेवा मुलांसाठी बनवलेल्या नाहीत, त्यांच्यावर ही बंधनं मुख्यतः तेव्हा येतात, जेव्हा समोरचा वापरकर्ता १३ वर्षांखालचा आहे हे कंपनीला प्रत्यक्ष माहीत असतं. पालकांना शोधायचं, पडताळायचं, नोंदी ठेवायच्या हे खर्चाचं आणि कटकटीचं काम आहे. त्यामुळे कंपन्यांनी सोपा मार्ग काढला. अटींमध्येच लिहून टाकलं की १३ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. म्हणजे हा आकडा मुलाच्या समजेची वेस दाखवत नाही. कंपनीची कायदेशीर जबाबदारी जिथे हलकी होते ती जागा तो दाखवतो. युरोपीय संघाने याच प्रश्नावर मूळ वय १६ धरलं आणि सदस्य देशांना ते १३ पर्यंत खाली आणायची मुभा दिली. म्हणून जर्मनीत १६, फ्रान्समध्ये १५ आणि स्पेनमध्ये १४ असे वेगवेगळे आकडे दिसतात. मुलं सगळीकडे सारखीच वाढतात, कायदे मात्र वेगळे आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या चॅटच्या साधनांनीही हीच चौकट उचलली, आपापल्या पद्धतीने. चॅटजीपीटीच्या अटींत किमान वय १३ आहे आणि १८ पूर्ण होईपर्यंत पालकांची परवानगी हवी असं म्हटलं आहे. क्लॉडने १८ वर्षांखालच्यांना खातंच नाकारलं आहे. गूगलने २०२५ मध्ये वेगळी वाट धरली. १३ वर्षांखालच्या मुलांसाठी, पालक 'फॅमिली लिंक'मधून सांभाळतात त्या खात्यांवर, जेमिनी खुलं करायला सुरुवात केली, आणि ते बंद ठेवायचा अधिकार पालकांकडे ठेवला.

*

आता फोटोचा प्रश्न. मूल चॅटमध्ये प्रश्न लिहू शकतं, मग फोटो टाकताना आईबाबा कशाला?

१९९८ च्या कायद्यात व्यक्तिगत माहिती म्हणजे प्रामुख्याने नाव, पत्ता, ईमेल, फोन नंबर. फोटो त्यात स्वतंत्रपणे नव्हता. ज्यामुळे मुलापर्यंत पोहोचता येईल अशा दुसऱ्या माहितीला जोडलेला असेल तरच फोटो मोजला जाई. तेव्हा ते पुरेसं वाटलं, कारण मुलाच्या हातात कॅमेराच नव्हता. दहा-बारा वर्षांत चित्र बदललं. फोनमध्ये कॅमेरा आला, फोनला आपण कुठे आहोत ते कळू लागलं आणि चेहरा ओळखणारी यंत्रणा सामान्य झाली. डिसेंबर २०१२ मध्ये कमिशनने नियम बदलले आणि १ जुलै २०१३ पासून ते लागू झाले. तेव्हापासून ज्यात मुलाचा चेहरा किंवा आवाज आहे असा कोणताही फोटो, व्हिडिओ किंवा ध्वनिफीत ही एकटीच व्यक्तिगत माहिती धरली जाते. सोबत नाव असो वा नसो. ज्या दिवशी हा बदल झाला, त्या दिवशी 'फोटो टाका' हे बटण आणि 'घरचा पत्ता लिहा' हा रकाना कायद्याच्या नजरेत एका रांगेत आले.

हा बदल किती योग्य होता ते एका साध्या फोटोवरून पाहता येतं. समजा, नाशिकमधल्या दहा वर्षांच्या मुलीला चित्रकला स्पर्धेत बक्षीस मिळालं आहे. तिला चॅटच्या साधनाकडून त्यावर चार ओळींचं भाषण लिहून हवं आहे. ती प्रमाणपत्र हातात धरून घराच्या दारात उभी राहते, धाकटा भाऊ फोटो काढतो आणि फोटो चॅटमध्ये जातो. तिच्या मते तिने फक्त बक्षीस दाखवलं.

प्रमाणपत्रावर तिचं पूर्ण नाव आहे. महाराष्ट्रात पूर्ण नाव म्हणजे मुलीचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, म्हणजे एका ओळीत दोन माणसांची ओळख. खाली शाळेचं नाव, इयत्ता आणि तुकडी आहे. ती गणवेशात आहे आणि गळ्यात ओळखपत्र आहे. कित्येक शाळांच्या ओळखपत्रावर पालकांचा मोबाइल नंबर, रक्तगट आणि बसचा मार्ग छापलेला असतो. आजच्या फोनच्या कॅमेऱ्याने ती अक्षरं फोटो मोठा करून आरामात वाचता येतात. मागे दारावर नावाची पाटी आहे आणि भिंतीवर सोसायटीचं नाव आहे. तिने यातलं काहीही टाइप केलेलं नाही. चॅटमध्ये कोणी तिला 'तुझा पत्ता सांग' म्हटलं असतं तर कदाचित ती सावध झाली असती. शाळेत तसं शिकवतातही.

डोळ्यांना न दिसणारी माहिती याखेरीज असते. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. ती नोंद इतकी बारीक असते की नकाशावर इमारत दाखवता येते. काही अ‍ॅप ही नोंद काढून टाकतात, काही तशीच ठेवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो 'फोटो' म्हणून पाठवला तर ती गळून पडते. तोच फोटो पूर्ण दर्जा राहावा म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती जशीच्या तशी पोहोचते. मोठ्या माणसांनाही हा फरक क्वचितच ठाऊक असतो. दहा वर्षांच्या मुलीने तो ओळखावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

आणि मग चेहरा. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, फोन नंबरही बदलता येतो. चेहरा बदलता येत नाही. त्यातही मुलाने आज टाकलेला फोटो पुढे किती वर्षं कोणाकडे असेल आणि कशासाठी वापरला जाईल याचा निर्णय ते मूल आज घेऊ शकत नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२४ मध्ये 'लायन-५बी' हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाणारा प्रचंड साठा तपासला. साठ्याचा अगदी नगण्य भाग पाहूनही ब्राझीलमधल्या मुलांचे किमान १७० फोटो सापडले. काहींच्या सोबत मुलांची नावं किंवा ठिकाणं होती. यातले बरेच फोटो घरच्यांनीच वर्षांपूर्वी कौटुंबिक आठवण म्हणून टाकलेले होते. तेव्हा असं प्रशिक्षण ही गोष्टच कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. कोपाच्या नियमांत २०२५ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यात चेहऱ्यावरून काढलेला मोजमापांचा साचाही व्यक्तिगत माहितीत घातला गेला, आणि मुलांची माहिती अमर्याद काळ साठवून ठेवायला मनाई झाली. त्यामागे ही काळजी आहे.

एक मुद्दा नेहमी मागे राहतो. फोटोत अनेकदा एकच मूल नसतं. स्नेहसंमेलनाच्या फोटोत वर्गातली दहा मुलं असतात. टाकणाऱ्या मुलाच्या पालकांनी होकार दिला तरी उरलेल्या नऊ घरांना कोणी विचारलेलं नसतं. कायद्याची चौकट इथे तोकडी पडते, आणि हे मान्य करायला हवं.

*

मग परवानगी घ्यायची कशी? पहिला टप्पा वय विचारण्याचा. तो नीट करण्याची एक पद्धत आहे. जन्मतारीख विचारायची, पण '१३ पूर्ण असाल तरच पुढे जा' असं लिहायचं नाही, कारण तसं लिहिलं की मुलाला कोणतं उत्तर द्यायचं ते कळतं. सालांच्या यादीत लहान मुलांची सालंही असायला हवीत. आणि एकदा खरं साल टाकून अडलेल्या मुलाला मागे जाऊन लगेच दुसरं साल टाकता येऊ नये अशी तांत्रिक सोय हवी. फेडरल ट्रेड कमिशन कंपन्यांना हे सगळं सांगतं.

याच्या उलट वागलं की काय होतं ते 'कर्बो' या अ‍ॅपच्या प्रकरणात दिसलं. वेट वॉचर्स कंपनीचं हे मुलांच्या वजनाशी संबंधित अ‍ॅप होतं. खातं उघडताना मुलांना असे पर्याय दिसत की वय वाढवून सांगितलं तर पालकांशिवाय पुढे जाता येतं हे लक्षात येई. शेकडो मुलांनी आधी १३ च्या वर असल्याचं सांगितलं आणि आत गेल्यावर प्रोफाइलमध्ये खरी जन्मतारीख टाकली. म्हणजे त्या क्षणी कंपनीला खरं वय कळलं होतं. तरी खाती चालू राहिली. मार्च २०२२ मध्ये कंपनीला १५ लाख डॉलर दंड झाला, आणि मुलांच्या माहितीवर बनवलेले अल्गोरिदमही नष्ट करावे लागले. पालकांनी यातून एक खूण लक्षात ठेवावी. ज्या अ‍ॅपमध्ये चुकीचं वय टाकून लगेच पुन्हा प्रयत्न करता येतो, तिथे वयाची अट केवळ नावाला आहे.

दुसरा टप्पा पालकांना गाठण्याचा. कंपनी माहितीचं काय करणार यावर पडताळणी किती कडक हवी ते ठरतं. माहिती कंपनीच्या आतच राहणार असेल तर पालकांना ईमेल पाठवून, त्यांच्या उत्तरानंतर पुन्हा एकदा खात्री करून घेतली तरी चालतं. पण मुलाचा फोटो दुसऱ्यांना दिसणार असेल किंवा बाहेर जाणार असेल तर एवढ्यावर भागत नाही. मग सही केलेला कागद, कार्डाने केलेला व्यवहार, प्रशिक्षित कर्मचाऱ्याशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलणं, सरकारी ओळखपत्राची पडताळणी असे मार्ग लागतात. कार्डाचा मार्ग पैशांसाठी नसतो. व्यवहाराचा संदेश कार्डाच्या मालकाकडे जातो, आणि मुलाने गुपचूप आईचं कार्ड वापरलं असेल तर आईला ते कळतं. व्हीटेकने नेमका हा टप्पा गाळला होता.

परवानगी न मागता मुलाला फोटो टाकू देण्याचे प्रामाणिक मार्गही आहेत. चांगल्या सेवा ते वापरतात. मुलाने पाठवलेला प्रत्येक फोटो प्रकाशित होण्याआधी माणसाने पाहायचा, त्यात चेहरा असेल तर तो फोटो काढून टाकायचा किंवा चेहरा पुसट करायचा, आणि फाइलमधली ठिकाणाची नोंद खोडायची. एवढं केलं तर कमिशनच्या मते संमतीची गरज उरत नाही. फोटो फोनमधून बाहेरच जात नसेल, रंग बदलणं किंवा टोपी चढवणं असं सगळं काम फोनवरच होत असेल, तरी माहिती 'गोळा केली' असं होत नाही. चॅटच्या साधनाचं मात्र तसं नाही. तिथे फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जातो, काही काळ साठवला जातो, आणि सेटिंगप्रमाणे तो प्रशिक्षणासाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या तपासणीसाठी वापरला जाऊ शकतो.

म्हणून मुलीला गणिताचं उदाहरण अडलं असेल तर पालकांनी करून देण्याजोगी गोष्ट अगदी छोटी आहे. वहीच्या पानाचा फोटो काढायचा, वरचा नाव-इयत्तेचा भाग कापायचा आणि फक्त उदाहरण ठेवायचं. किंवा कापलेल्या भागाचा स्क्रीनशॉट काढून तो टाकायचा. स्क्रीनशॉटमध्ये मूळ फोटोतली ठिकाणाची नोंद येत नाही. मूल हे दोन-तीन वेळा पाहून शिकतं, आणि पालकाने शेजारी बसण्याचा हा सगळ्यात उपयोगी भाग आहे.

*

भारतात हा विषय आता कायद्यात आला आहे, आणि आपण जगापेक्षा कडक आकडा निवडला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती. अशा मुलाची माहिती हाताळण्याआधी आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांचा माग ठेवणं, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यांना मनाई आहे. मुलांसंबंधीची ही बंधनं मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. शाळा आणि रुग्णालयं यांना त्यांच्या कामापुरती काही सूट दिलेली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि संमतीची कलमं लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास.

पालक खरोखर सज्ञान आणि ओळख पटणारी व्यक्ती आहे का, हे पाहायचे मार्गही नियमांत दिले आहेत. पालकाचं त्याच सेवेवर आधीपासून खातं असेल आणि त्याची ओळख व वय कंपनीकडे असेल तर ते वापरता येईल. नसेल तर पालक स्वतः ओळखीचा तपशील देऊ शकतील, किंवा डिजिलॉकरसारख्या अधिकृत सेवेकडून आलेला टोकन चालेल. टोकनचा फायदा असा की आधारकार्डाचा फोटो त्या कंपनीकडे द्यावा लागत नाही. 'ही व्यक्ती सज्ञान आहे' एवढी खात्री पोहोचते.

हा फायदा बारीक वाटला तरी मोठा आहे, कारण वय सिद्ध करण्यासाठी दिलेले फोटोही चोरीला जातात. 'डिस्कॉर्ड' हे तरुणांमध्ये लोकप्रिय असलेलं चॅटचं साधन. तुमचं वय कमी दिसतंय म्हणून ज्यांची खाती अडली, त्यांनी आपलं वय पटवून देण्यासाठी सरकारी ओळखपत्राचे फोटो पाठवले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने जाहीर केलं की ग्राहकसेवा पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीतून सुमारे ७० हजार जणांच्या ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असावेत. मुलांना जपण्यासाठी मागितलेला कागदच गळतीचं ठिकाण ठरला. त्यामुळे कोणत्याही चॅट-सेवेने पालकांकडे ओळखपत्राचा फोटो मागितला तर दोन प्रश्न विचारायलाच हवेत: पडताळणी झाल्यावर फोटो किती दिवसांत पुसला जातो, आणि ही पडताळणी कंपनी स्वतः करते की दुसऱ्या कोणाला देते? उत्तर गोपनीयता धोरणात सापडत नसेल तर दुसरा मार्ग मागावा.

आपल्याकडची खरी अडचण मात्र या सगळ्याच्या आधी येते. असंख्य घरांत मुलाचा स्वतःचा फोन नसतो. संध्याकाळी आईचा फोन मुलाच्या हातात जातो आणि त्यावर आईच्याच ईमेलने उघडलेलं चॅटचं खातं असतं. तिथे जन्मतारीख आईची असते, त्यामुळे कंपनीला समोर अडतीस वर्षांची स्त्री दिसते. वयाचा प्रश्न विचारला जात नाही, पालकांची परवानगी मागितली जात नाही, मुलांसाठीची कोणतीही सुरक्षितता चालू होत नाही. मुलाने टाकलेला फोटो प्रौढ व्यक्तीने टाकलेला फोटो म्हणून हाताळला जातो. प्रशिक्षणासाठी वापर होऊ देण्याची सेटिंग आईने कधी उघडून पाहिली नसेल तर ती कंपनीने आधीपासून ठेवल्याप्रमाणेच चालू राहते.

उपाय आहे आणि त्याला अर्धा तास पुरतो. मुलाचं वेगळं, खऱ्या जन्मतारखेचं आणि पालकांच्या खात्याला जोडलेलं खातं काढायचं. मुलाच्या वयासाठी त्या साधनात अशी सोय नसेल तर ते साधन मुलाला एकट्याने द्यायचं नाही. आईच्या फोनवर जे खातं आतापर्यंत सगळ्यांनी वापरलं, त्याचा इतिहास उघडून मुलांनी टाकलेले फोटो शोधायचे, त्या चॅट पुसायच्या आणि सेटिंगमधली 'माझ्या गप्पा प्रशिक्षणासाठी वापरा' अशा अर्थाची खूण काढायची. पुसल्यानंतरही कंपन्या काही दिवस ती माहिती राखून ठेवतात. किती दिवस, ते त्यांच्या धोरणात दिलेलं असतं. भारतीय कायद्याची कलमं पूर्ण लागू झाल्यावर दिलेली संमती मागे घेणं आणि माहिती पुसून मागणं हा हक्क असेल, आणि मुलाच्या वतीने तो पालकांना वापरता येईल. त्यासाठी कोणत्या सेवेवर कोणत्या ईमेलने खातं उघडलं याची नोंद घरात असली की काम सोपं होतं, कारण कंपनीकडे अर्ज करताना पहिला प्रश्न तोच येतो.